दुकानाचं पॉइंट कार्ड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाडव्यापासून दुकानात पॉइंट कार्ड सुरू होतंय. गल्ल्यावर आणि फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. साधे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. तुमचा प्रश्न उधारीचा असेल तर थेट खाली जा, त्याचं उत्तर जरा लांब आहे.

पॉइंट म्हणजे नेमकं काय? एका वाक्यात सांगा.

पॉइंट ज्या मालावर मिळतो तो माल शंभर रुपयांचा घेतला की कार्डावर १ पॉइंट जमा होतो, आणि नंतर सामान घेताना तो १ पॉइंट १ रुपया म्हणून चालतो. म्हणजे शंभराला एक रुपया. यापेक्षा जास्त काही नाही, आणि कमीही नाही. म्हणून फक्त पॉइंटसाठी नको असलेला माल घेऊ नका. एक रुपया मिळवायला शंभर खर्चणं कुठल्याच हिशोबात बसत नाही.

कार्ड कसं काढायचं? पैसे पडतात का?

पहिलं कार्ड फुकट आहे. गल्ल्यावर नाव आणि मोबाइल नंबर सांगायचा, नंबरवर चार आकडी ओटीपी येतो, तो तिथल्या तिथे सांगितला की कार्ड हातात. आधार, पॅन, जन्मतारीख यातलं काही लागत नाही आणि आम्ही विचारणारही नाही. कार्ड हरवलं तर दुसऱ्याचे २० रुपये, कारण ते छापायला तेवढा खर्च येतो. पॉइंट कार्डाच्या प्लास्टिकमध्ये नसतात, दुकानाच्या खात्यात तुमच्या नंबरावर असतात. त्यामुळे कार्ड हरवलं म्हणून पॉइंट जात नाहीत.

मोबाइल नंबर द्यायचा नसेल तर?

देऊ नका. सामान त्याच भावात मिळेल, बिलही मिळेल. बिलासाठी ग्राहकाकडे मोबाइल नंबरची सक्ती करू नये, अशी सूचना केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ च्या मे महिन्यात दुकानदारांना दिलेली आहे. पॉइंट हवे असतील तर मात्र ते जमा करायला कुठलं तरी खातं लागतं. ज्यांना नंबर नको त्यांना नुसत्या क्रमांकाचं कार्ड देतो. त्यात एकच तोटा आहे: कार्ड हरवलं तर ते तुमचंच होतं हे ठरवायला आमच्याकडे काही नसतं, म्हणून त्यातले पॉइंट परत देता येत नाहीत.

पॉइंट सगळ्या मालावर मिळतात का?

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो, त्यामुळे हे उत्तर सावकाश वाचा.

साखर, खाद्यतेल, पिशवीचं दूध आणि मोबाइल रिचार्ज यांवर पॉइंट नाहीत. साखरेच्या किलोमागे दुकानात जेमतेम रुपया-दीड रुपया उरतो. त्यातला रुपयाचा काही भाग पॉइंटात गेला, तर पोतं फोडून, तोलून, बांधून देणाऱ्याची मजुरी खिशातून भरावी लागेल. दुधाच्या पिशवीवरचं कमिशन डेअरी ठरवते, तिथे आमच्या हातात काही नसतं. पॉइंट द्यायचे म्हणून साखरेचा भाव वाढवणं हा दुसरा मार्ग होता, पण तो आम्हाला नको होता.

सिगारेट-तंबाखूवर पॉइंट नाहीत, त्याचं कारण सांगायची गरज नाही. बाळाच्या दुधाच्या पावडरीवर, बाळाच्या डबाबंद खाण्यावर आणि दुधाच्या बाटलीवर का नाहीत, हे मात्र बरेच जण विचारतात. या वस्तूंची विक्री वाढावी म्हणून कुठलंही आमिष दाखवायला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, आणि पॉइंट हे आमिषच झालं. आईच्या दुधाऐवजी डब्याकडे कुणी ओढलं जाऊ नये, असा त्यामागचा विचार आहे. डबा महाग असतो, म्हणून लोकांना हेच जास्त खटकतं. पण इथे आमचा इलाज नाही.

बाकी सगळ्यावर पॉइंट आहेत: सुटं धान्य, डाळी, मसाले, चहा, बिस्किटं, साबण, झाडू, अगदी उदबत्तीवरसुद्धा.

एका बिलावर नीट हिशोब करून दाखवाल का?

चौघांच्या घरचं महिन्याचं वाणसामान धरू. कोलम तांदूळ १० किलो ६२० रुपये, तूरडाळ २ किलो २८०, गहू २० किलो ७२०, शेंगदाणे किलोभर १३०, चहापूड अर्धा किलो २६०, अंगाचे साबण १६५, कपड्याची पावडर २४०, पोहे ५६. हे झाले २,४७१ रुपये. त्याशिवाय साखर ५ किलो २२० रुपयांची आणि तेलाच्या पाच पिशव्या ७२५ च्या. एकूण बिल ३,४१६ रुपये.

पॉइंट मोजताना साखर-तेलाचे ९४५ बाजूला काढले की उरतात २,४७१. त्यात पूर्ण शंभर चोवीस वेळा बसतात, म्हणून २४ पॉइंट. राहिलेले ७१ रुपये वाया जात नाहीत. ते बिलाखाली ‘शिल्लक’ म्हणून छापून येतात आणि पुढच्या बिलात धरले जातात. दोन दिवसांनी तुम्ही ४० रुपयांची जिरे-मोहरी नेली, तर ७१ आणि ४० मिळून १११ होतात. तेव्हा १ पॉइंट जमा होतो आणि शिल्लक ११ राहते.

लक्षात घ्या, ३,४१६ च्या बिलावर ३४ पॉइंट मिळाले नाहीत, २४ मिळाले. बिलाच्या एकूण रकमेला शंभराने भागून पॉइंट काढायला गेलात तर दर वेळी कमीच भरतील, आणि दुकानाने फसवलं असं वाटेल. बिलावर ज्या वस्तूपुढे चांदणी (*) आहे तेवढ्यांचीच बेरीज करा.

आम्ही रोज चाळीस-पन्नास रुपयांचंच सामान नेतो. आम्हाला पॉइंट कधी मिळणार?

शिल्लक पुढे धरण्याची सोय मुख्यतः तुमच्यासाठीच केली आहे. ‘दर बिलाला पूर्ण शंभर’ असा नियम ठेवला असता तर महिन्याचं एकदम भरणाऱ्याला सगळं मिळालं असतं, आणि रोजच्या कमाईवर रोजचं नेणाऱ्याला वर्षभर भोपळा. आता पन्नासाची दोन बिलं म्हणजे १ पॉइंट. फक्त दर वेळी कार्ड किंवा नंबर सांगायला विसरू नका. दहा रुपयांच्या पुड्यालाही सांगा, गल्ल्यावरचा माणूस कंटाळणार नाही.

पॉइंट वापरायचे कसे?

खात्यात ५० पॉइंट झाले की वापरता येतात. बिल करायच्या आधी “पॉइंट वापरायचेत” असं सांगा, नंबरवर ओटीपी येईल, तो सांगितला की तेवढे रुपये बिलातून वजा होतात. पन्नासच वापरायला हवेत असं नाही. खात्यात ८० असतील तर ३० वापरून ५० ठेवता येतात. नुसत्या क्रमांकाचं कार्ड असेल तर ओटीपी नाही, कार्ड प्रत्यक्ष दाखवावं लागतं.

मिळवताना जो माल बाहेर होता, त्यातला बराचसा वापरताना आत येतो. साखर, तेल, दूध पॉइंटांवर घेता येतं. तंबाखू, बाळाच्या वस्तू आणि रिचार्ज तेवढे नाहीत. पॉइंटांचे रोख पैसे मात्र मिळत नाहीत.

पॉइंट वापरले त्या बिलावर नवे पॉइंट मिळतात का?

तुम्ही जे पैसे प्रत्यक्ष भरले त्यावर मिळतात, पॉइंटांनी फेडलेल्या भागावर नाही. तरी यात एक बारकावा तुमच्या फायद्याचा आहे. समजा बिल ६२० रुपयांचं आहे, त्यात साखर २२० ची आणि बाकी माल ४०० चा. तुम्ही ६० पॉइंट वापरले, तर आमचं मशिन ते आधी साखरेतून वजा करतं, कारण साखरेवर तसेही पॉइंट नसतात. त्यामुळे ४०० पूर्ण राहतात आणि ४ नवे पॉइंट मिळतात. तेच ६० बाकी मालातून कापले असते तर ३४० वर ३ च मिळाले असते.

पॉइंटांना मुदत आहे का?

एक वर्ष. ज्या महिन्यात पॉइंट मिळाला, पुढच्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत तो चालतो. एप्रिलमध्ये मिळालेले पुढच्या ३० एप्रिलपर्यंत. वापरताना सर्वांत जुने आधी खर्च होतात, त्यामुळे नेहमी वापरणाऱ्याचे सहसा बुडत नाहीत. नवीन खरेदी केली म्हणून जुन्या पॉइंटांची मुदत वाढत नाही, हा गैरसमज बऱ्याच जणांचा आहे. बिलाखाली ‘या महिन्यात संपणारे’ अशी ओळ असते, ती पाहत जा. त्या ओळीत आकडा असेल तर खात्यात पन्नास झाले नसले तरी तेवढे वापरता येतात.

आमचं खातं वहीवर आहे. उधारीच्या मालावर पॉइंट मिळतात का?

मिळतात, पण माल नेला त्या दिवशी नाही, पैसे आले त्या दिवशी. माल गेला आणि पैसे राहिले, असं होतं तेव्हा दुकान आधीच अडकलेलं असतं. त्यावर पॉइंटही देऊन बसणं परवडत नाही.

पैसे भरले की आधी सर्वांत जुनं बिल फिटतं, मग त्यानंतरचं. पूर्ण फिटलेल्या बिलाचे पॉइंट लगेच जमा होतात, अर्धवट फिटलेल्याचे थांबतात. उदाहरणार्थ, ५ तारखेला १,८०० रुपयांचं बिल झालं, त्यात पॉइंट मिळणारा माल १,३०० चा. १४ तारखेला ६०० चं दुसरं, त्यातला सगळा माल पॉइंटचा. वीस तारखेला तुम्ही २,००० दिले. पहिलं बिल पूर्ण फिटलं, त्याचे १३ पॉइंट मिळाले. उरलेले २०० दुसऱ्या बिलात गेले, पण त्याचे ४०० अजून बाकी आहेत, म्हणून त्याचे पॉइंट नाहीत. ते ४०० भरले की ६ पॉइंट येतील. मुदतही पैसे भरल्याच्या महिन्यापासून मोजली जाते, माल नेल्याच्या नाही.

पॉइंट वापरून जुनी बाकी फेडता येत नाही. पॉइंट फक्त नव्या बिलात वजा होतात. हे काहींना रुचलेलं नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण बाकी पॉइंटांनी फिटायला लागली की वहीतला आकडा आणि गल्ल्यातली रोकड जुळेनाशी होते, आणि मग रात्री हिशोबाला बसणाऱ्याचे हाल.

कार्ड दाखवायला विसरलो. नंतर पॉइंट लावून मिळतील का?

सात दिवसांच्या आत ते बिल घेऊन या. बिलाचा क्रमांक टाकला की पॉइंट चढतात. बिल नसेल तर नाही, कारण क्रमांकाशिवाय ते बिल तुमचंच होतं हे कळायला मार्ग नाही. पाडव्याच्या आधीच्या बिलांवर पॉइंट नाहीत, कितीही मोठं असलं तरी.

बिलावर पॉइंट दिसतात, पण खात्यात आले नाहीत. असं का होतं?

दोन कारणं असतात. पहिलं, वीज किंवा नेट गेलेलं असतं. तेव्हा बिल होतं, पॉइंट रात्री हिशोब बंद करताना चढतात. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाट पाहा.

दुसरं कारण, मोबाइल नंबरातला एखादा आकडा चुकलेला असतो. दुकानात गर्दी, मागे रांग, तुम्ही सांगता ‘साठ’ आणि ऐकू येतं ‘सात’. पॉइंट कुणा भलत्याच्या खात्यात जाऊन बसतात. हे ओळखायला बिलाखाली खातेदाराच्या नावाची पहिली दोन अक्षरं छापलेली असतात. तिथे तुमची अक्षरं नसतील तर तिथेच सांगा, बिल रद्द न करता दुरुस्त होतं. घरी जाऊन लक्षात आलं तर वरच्या प्रश्नातला सात दिवसांचा नियम इथेही लागू आहे.

माझ्याकडे कार्ड नाही, तरी बिलाखाली पॉइंट छापून आले. हे काय?

हे दिसलं तर नक्की सांगा. कार्ड नसलेल्या ग्राहकाच्या बिलावर गल्ल्यावरच्या कुणी स्वतःचा किंवा ओळखीच्याचा नंबर टाकायचा, ही कार्डाच्या धंद्यातली जुनी युक्ती आहे. यात तुमचं नुकसान होत नाही, दुकानाचं होतं. कार्ड नसेल तर ती जागा कोरीच असली पाहिजे. एकाच खात्यावर दिवसात पाचपेक्षा जास्त बिलं चढली तर रात्रीच्या हिशोबात ते नाव वर येतं, पण तुमची नजर त्याआधी पोचते.

घरात चौघांनी मिळून एकच खातं वापरलं तर चालेल का?

चालेल, आणि तेच बरं. एका खात्याला दोन मोबाइल नंबर जोडता येतात, पॉइंट कुणीही जमा करू शकतं. वापरताना ओटीपी मात्र पहिल्या नंबरवरच जातो, त्यामुळे पॉइंट ज्याच्या हातून खर्च व्हावेत असं वाटतं त्याचा नंबर पहिला द्या. दोन वेगवेगळ्या खात्यांतले पॉइंट एकत्र करता येत नाहीत.

मोबाइल नंबर बदलला. पॉइंटांचं काय?

जुना नंबर बंद करण्याआधी दुकानात या, जुन्यावर एक आणि नव्यावर एक ओटीपी घेऊन बदल होतो. बंद करून बसला असाल तर कार्ड आणि गेल्या काही दिवसांतलं एखादं बिल दाखवा. हे टाळू नका. बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर मोबाइल कंपनी दुसऱ्या कुणाला देऊ शकते. मग तो माणूस आमच्याकडे आला आणि नंबर सांगितला, तर मशिनच्या लेखी तो म्हणजे तुम्हीच. ओटीपीही त्यालाच जाणार.

घेतलेला माल परत केला तर पॉइंट कापता का?

हो, त्या मालाचे तेवढे पॉइंट वजा होतात. ९४० च्या बिलावर ९ पॉइंट आणि ४० शिल्लक मिळाली होती, तुम्ही २४० ची कपड्याची पावडर परत आणली, तर बिल राहिलं ७०० चं. म्हणून २ पॉइंट आणि ४० ची शिल्लक निघून जाते. ते पॉइंट आधीच वापरून झाले असतील तर परताव्यातून २ रुपये कापून २३८ मिळतील. माल खराब निघाला म्हणून बदलून दिला, तर पॉइंटांना हात लागत नाही.

यादी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, माल घरी येतो. तेव्हा पॉइंट कसे?

यादीच्या शेवटी कार्डाचे शेवटचे चार आकडे लिहा. पॉइंट घरी पैसे दिल्यावर चढतात, कारण एखादी वस्तू संपलेली असते, एखादी तुम्ही दारातून परत पाठवता. पॉइंट वापरायचे असतील तर तसं यादीतच लिहा, पोरगा दारात आल्यावर बिल बदलता येत नाही. ओटीपी त्याला सांगायचा नाही, दुकानातून फोन येण्याची वाटही पाहायची नाही. तो मोबाइलवर आला की तुम्हीच दुकानाच्या नंबरवर फोन करून सांगायचा.

“तुमचे पॉइंट आज संपणार, या लिंकवर जा” असा मेसेज आलाय. खरा आहे का?

खोटा आहे. आमच्या मेसेजमध्ये लिंक कधीच नसते, आणि आम्ही फोन करून ओटीपी मागत नाही. पॉइंट संपत आलेत की नाही, हे बिलाखाली दिसतं. लिंक दाबून बँकेची माहिती भरली गेली असेल, तर आधी बँकेला कळवा आणि लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. पैसे अडवायचे असतील तर पहिले काही तास महत्त्वाचे असतात.

कार्ड आलं म्हणजे भाव वाढवले असणार, नाही का?

शंका रास्त आहे, म्हणून पडताळा करून पाहा. पुड्यातल्या मालावर एमआरपी छापलेली असते, तिच्यावर घेता येत नाही. खरी जागा सुट्या मालाची. फळ्यावर लिहिलेला भाव कार्डवाल्याला आणि बिनकार्डवाल्याला एकच असतो. पाडव्याआधीचं एखादं बिल घरात असेल तर तूरडाळीचा, शेंगदाण्याचा भाव ताडून पाहा. बाजारात माल चढला-उतरला तर फरक दिसेल, पण तो मग आजूबाजूच्या दुकानांतही दिसायला हवा.

लग्नकार्याला, खाणावळीला घाऊक माल घेतो. त्यावर पॉइंट?

घाऊक भाव किंवा पॉइंट, दोन्हीपैकी एक. गव्हाचं अख्खं पोतं घेतलं तर घाऊक भावात किलोमागे जो रुपया-दोन रुपये सुटतात, ते पॉइंटांपेक्षा बहुधा जास्तच असतात. त्यामुळे घाऊक भावच घ्या, असं आम्हीच सांगू. कंपनीच्या ‘एकावर एक फुकट’सारख्या योजना याच्यात मोडत नाहीत. तिथे भरलेल्या पैशांवर पॉइंट मिळतात.

उद्या योजना बंद केलीत तर साठलेले पॉइंट बुडतील का?

बंद करायची झाली तर ६० दिवस आधी दुकानाच्या दारावर आणि प्रत्येक बिलावर लिहू. त्या ६० दिवसांत पन्नासाची अट नसेल, खात्यात ३ पॉइंट असले तरी ३ रुपये वजा होतील. नियमात दुसरा काही बदल झाला, तर तो नव्याने मिळणाऱ्या पॉइंटांना लागेल. आधीच जमा झालेला पॉइंट १ रुपयाचाच राहील.